टाकी भरली की मोटर आपोआप बंद, हौद आटला तरी बंद : आमच्या घरी हे कसं जमवलं

दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यात आमचं गाव आहे. नळयोजनेचं पाणी येते, पण कधी तिसऱ्या दिवशी, कधी आठवडा उलटल्यावर, आणि येते तेही बहुतेक रात्री. म्हणून अंगणात हौद, हौदावर अर्ध्या एचपीची मोनोब्लॉक मोटर आणि स्लॅबवर हजार लिटरची काळी टाकी, असा सेटअप गावात घरोघरी आहे. आमचाही तोच. नळ फारच लांबला की शेजारच्या काकांच्या बोअरची पाइप हौदात सोडतो, खारं पाणी वापरायला चालते, प्यायचं नळाचं आधीच वेगळं भरून ठेवलेलं असते.

आता यातली खरी भानगड विजेची लाईन आहे. मोटर चालू केली, दहा मिनिटात लाईन गेली, बटन तसंच चालू राहिलं, माणूस वावरात निघून गेला किंवा झोपला. लाईन रात्री एक वाजता आली की मोटर आपली सुरू. टाकी भरते, मग पन्हाळीवाटे अंगणात पाणी, आणि हे कोणाला समजतच नाही कारण कुलरच्या आवाजात ऐकू काय येणार. सकाळी शेजारी सांगतात, "तुमची टाकी रातभर वाहून रायली होती ना जी."

मी एकदा बादली आणि मोबाईलचं घड्याळ घेऊन आमच्या मोटरचा हिशोब लावला. पंधरा लिटरची बादली अर्ध्या मिनिटात भरते, म्हणजे तासाला 1800 लिटर. हौद पाच बाय पाच फूट, पाणी साधारण सव्वाचार फूट, म्हणजे तीन हजार लिटर, त्यातलं मोटरच्या ओढायच्या पाइपच्या टोकाला असलेल्या फुटव्हॉल्वच्या खालचं सोडून पावणेतीन हजार उपसल्या जाते. रिकामी टाकी तेहतीस मिनिटात भरली. त्यानंतर तासभर नुसतं ओव्हरफ्लो, म्हणजे सतराअठराशे लिटर गोडं पाणी नालीत. आणि दीड तासाच्या सुमारास हौद संपला की मोटर हवा ओढायला लागते. म्हणजे लोक टाकी वाहणे आणि मोटर कोरडी चालणे हे दोन वेगळे प्रॉब्लेम समजतात, पण आमच्यासारख्या घरात ते एकाच बटनाचे दोन टप्पे आहेत, आधी पाणी जाते आणि मग मोटर जाते.

मोटर कोरडी चालली तर एमसीबी पडेल ना, असं मला पण वाटायचं. आमच्याकडे जे इलेक्ट्रिशियन भाऊ येतात त्यांनी क्लॅम्प मीटर लावून दाखवलं. पाणी ओढत असताना 3.8 अँपिअर. हौदातलं पाणी फुटव्हॉल्वच्या खाली गेलं तेव्हा 2.6. म्हणजे करंट वाढला नाही, कमी झाला! पंखा पाणी फेकतच नाही तर मोटरवर लोडच नाही, मग एमसीबी कशाला पडेल. तो वायर वाचवायला आहे, पंपाला नाही. आणि पंपात तेव्हा काय होते तर शाफ्टवरचं मेकॅनिकल सील पाण्यानेच थंड राहते, पाणी नसलं की दोन चकत्या कोरड्या घासतात, तापतात, आणि सील गेलं की मोटर आणि पंपाच्या मधून थेंब थेंब गळायला लागते. ते गळणारं पाणी पुढे बेअरिंगमध्ये शिरते. मोटर "अचानक जळली" असं लोक म्हणतात तेव्हा पुष्कळदा ती महिनाभर आधीच मधून गळत असते, बोट लावून पाहिलं तर ओल लागते.

तर पहिलं काम आम्ही केलं ते हौदावर, नळाच्या तोंडाला फ्लोट वॉल्व, ज्याला आमच्याकडे बॉल कॉक म्हणतात. अर्धा इंची पितळी घेतला, प्लास्टिकचा हलका मिळते पण नळाच्या प्रेशरने त्याची दांडी लवकर वाकते. याला लाईन लागत नाही, वायर नाही, रात्री तीन वाजता नळ आला तरी हौद भरला की बॉल वर येतो आणि दांडी वॉशर दाबून पाणी बंद करते. बसवताना दोनच गोष्टी पाहायच्या. एक म्हणजे पाणी ओव्हरफ्लोच्या छिद्राच्या चार बोटं खाली बंद झालं पाहिजे, पितळी दांडी थोडी खाली वाकवली की पातळी खाली येते, वर वाकवली की वर जाते, बस. दुसरी म्हणजे कॉकचं तोंड हौदातल्या सगळ्यात वरच्या पाण्याच्याही वर पाहिजे, पाण्यात बुडलेलं नको. आमच्याकडे अर्ध्या गल्लीत नळाला टिल्लू पंप लावतात, नळाचं प्रेशर गेलं आणि कोणी टिल्लू चालूच ठेवला तर तो पाइप उलटा ओढतो, आणि तोंड बुडालेलं असलं तर तुमच्या हौदातलं पाणी त्याच्या घरी. कॉकमध्ये नंतर बिघडते ते मुख्यतः वॉशर. योजनेच्या पाण्यात पावसाळ्यात बारीक रेती येते, ती सीटवर बसते आणि हौद भरल्यावरही धार चालू राहते. कॉक खोलायचा, वॉशर पालटायचं किंवा उलटं करून लावायचं. बॉल काढून कानाशी हलवून पाहायचा, आत पाणी डुचमळलं तर बॉल फुटला समजा, तो आता तरंगणार नाही.

इथपर्यंत स्वस्तात भागलं म्हणून आई म्हणाली, "मंग असाच वरच्या टाकीले पण लाव ना, बाकी खटाटोप कायले?"

हे पुष्कळ जण करतात आणि प्लंबरही करून देतात. पण नळाचं पाणी बंद झालं तर नळाचं काही बिघडत नाही, मोटरचं बिघडते. टाकीत कॉक बंद झाला की मोटर चालूच आहे, पाण्याला जायला वाट नाही, पंपाच्या पोटात तेच वाटीभर पाणी फिरत राहते आणि तापते. याच्यातही करंट कमीच होतो, आमच्या मोटरवर डिलिव्हरीचा कॉक बंद करून पाहिलं तर 2.9 दाखवलं, म्हणजे इथेही एमसीबी चूप. त्याच गल्लीतल्या एका घरी असंच केलेलं होतं, त्यांचा पंपाजवळचा पीव्हीसी एल्बो गरम होऊन मऊ पडला आणि सांध्यातून निघाला. पाण्याच्या जागी मोटरच बंद झाली पाहिजे, म्हणजे टाकीत वॉल्व नाही, स्विच पाहिजे.

म्हणून मग इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर. भाऊंनी आधी आणला तो सळ्यांचा, म्हणजे टाकीत तीन वायर सोडायच्या, टोकाला स्टीलच्या बारीक सळ्या. एक तळाशी कॉमन, एक खालच्या पातळीला, एक वरच्या. पाणी वरच्या सळीला लागलं की पाण्यातूनच थोडासा करंट कॉमनकडे जातो, कंट्रोलरच्या डबीला समजते टाकी भरली, तिच्यातला स्विच म्हणजे रिले सुटतो, मोटर बंद. पाणी खालच्या सळीच्याही खाली गेलं की पुन्हा चालू. तशाच दोन सळ्या हौदात. आयडिया चांगली आहे आणि शहरात, गोड्या पाण्यावर हे वर्षानुवर्षं चालतात, माझ्या मेव्हण्याकडे अमरावतीला अजूनही चालू आहे.

आमच्याकडे पहिला उन्हाळाच नाही निघाला. नळ लांबला, काकांच्या बोअरचं पाणी हौदात आलं, आणि काही आठवड्यांनी टाकी रिकामी होऊनही मोटर सुरू होईना. डबीवर मात्र "टाकी फुल" चा हिरवा दिवा. वर चढून झाकण काढलं तर सळ्यांवर पांढरा खरखरीत थर, वायरच्या इन्सुलेशनवरही तोच, आणि तो थर ओला. खाऱ्या पाण्यातून करंट इतका सहज जातो की पाणी खाली गेल्यावरही त्या ओल्या पापुद्र्यातून वरची सळी आणि कॉमन जोडलेलेच राहतात, डबी बिचारी काय करणार, तिला पाणीच दिसते. लिंबू चोळून थर काढला की आठवडाभर बरं चालायचं. आणि कॉमनची सळी तर टोकाला खाऊन सुईसारखी झाली होती. भाऊंनी मीटर लावून सांगितलं की ही डबी सळ्यांवर डीसी सोडते, डीसी एकाच दिशेने वाहते त्यामुळे एक सळी झिजत जाते, चांगल्या कंट्रोलरमध्ये एसी सोडतात म्हणून तसं होत नाही. दुकानात हे डबीवर लिहिलेलं नसते. मीटर एसी आणि डीसी दोन्हीवर ठेवून सळ्यांच्या दोन टर्मिनलमध्ये पाहिलं की समजते. पण एसीवाला घेतला तरी थराचा प्रश्न राहतोच, तो आमच्या पाण्याचा आहे.

हौदातल्या सळ्यांचं तर अजून उलटं. तिथे थराने डबीला पाणी "दिसते" म्हणजे हौद कोरडा असला तरी मोटर चालू राहणार, म्हणजे ज्या कामासाठी लावलं तेच काम नाही. टाकीत बिघाड झाला तर मोटर सुरू होत नाही, हे चिडचिडीचं आहे पण नुकसानीचं नाही. हौदात बिघाड झाला तर मोटर जाते. म्हणून सळ्या काढल्या.

मग लावले केबल फ्लोट, म्हणजे जाड रबरी वायरच्या टोकाला बंद प्लास्टिकचा भोपळा, आत एक लोखंडी गोळी आणि मायक्रोस्विच. भोपळा लटकला की गोळी एका बाजूला, तरंगून तिरपा झाला की दुसऱ्या बाजूला, खट् असा आवाज येतो. पाणी आतल्या तारांना लागतच नाही म्हणून खारं-गोडं काही फरक नाही. वायरमध्ये तीन तारा असतात, एक कॉमन, एक लटकल्यावर जोडणारी, एक तरंगल्यावर जोडणारी. रंग कंपनीप्रमाणे पालटतात, त्यामुळे मीटर कंटिन्यूटीवर ठेवून भोपळा हाताने वरखाली करून पाहायचं, पेनाने लिहून ठेवायचं, मगच जोडायचं. टाकीच्या फ्लोटची लटकल्यावर जोडणारी जोडी घ्यायची (टाकी रिकामी, मोटर चालू), हौदाच्या फ्लोटची तरंगल्यावर जोडणारी (हौदात पाणी आहे, मोटर चालू). दोन्ही सिरीजमध्ये. म्हणजे दोघं हो म्हणतील तरच मोटर फिरेल.

आता इथे दुकानदार म्हणते की फ्लोटवर 10 अँपिअर लिहिलं आहे, तुमची मोटर चारची, सरळ मोटरची तार याच्यातूनच घ्या. आम्ही तसं नाही केलं. ते 10 साधारण हीटर, बल्बसारख्या लोडचं असते, मोटर सुरू होताना क्षणभर पाचसहा पट ओढते आणि दर वेळी मायक्रोस्विचच्या टिकल्या थोड्या जळतात, शेवटी चिकटून बसतात. चिकटल्या की फ्लोट वर असो की खाली, मोटर चालूच. आणि दुसरं म्हणजे 230 व्होल्टची तार पाण्यात, वायरला एक चीर गेली आणि घरात करंट गळला की लाईन तोडणारा आरसीसीबी नसला तर नळाला हात लावणं धोक्याचं. म्हणून भाऊंनी एका छोट्या पेटीत 24 व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, 24 चा छोटा रिले आणि 9 अँपिअरचा कॉन्टॅक्टर बसवला. फ्लोटांमधून फक्त 24 व्होल्ट जातात आणि रिले ओढतात, रिले कॉन्टॅक्टरच्या कॉइलला 230 देतो, आणि मोटरचा करंट कॉन्टॅक्टर सांभाळतो. आरसीसीबी तरीही लावला, 30 मिलीअँपिअरचा.

फ्लोट लटकवताना वायरवर एक वजन अडकवायचं असते, भोपळा त्या वजनाभोवती वरखाली फिरतो. वजन आणि भोपळ्यामधलं अंतर म्हणजे सगळी सेटिंग. फार जवळ ठेवलं तर दोन बादल्या पाणी वापरलं की मोटर चालू, मिनिटात बंद, पुन्हा चालू, आमच्याकडे आधी असंच झालं आणि कॉन्टॅक्टर दिवसभर खटखट करत होता. मग वीतभर अंतर ठेवलं, चालू आणि बंदच्या पातळीत साधारण फुटाचा फरक पडला, आमच्या टाकीत फूटभर म्हणजे पावणेतीनशे लिटर, मोटर एकदा सुरू झाली की नऊदहा मिनिटं सलग चालते. भोपळा पाइपला किंवा टाकीच्या भिंतीला अडत नाही ना हे पाण्याने भरून पाहायचं, रिकाम्या टाकीत सगळं मोकळंच दिसते.

हौदात बंद होण्याची पातळी आम्ही तळापासून एक फूट ठेवली. फुटव्हॉल्व तळापासून चार इंच वर आहे, त्याच्यावर आठ इंच पाणी राहिलं तर भोवरा पडून हवा जात नाही. पण एक फूट म्हणजे सातशे लिटर पाणी हौदात तसंच राहते आणि आईला ते काही पटलं नाही, "एवढं पाणी ठिवून काय लोणचं घालाचं हाय?" म्हणून पेटीवर एक ऑटो, बंद आणि मॅन्युअल असा स्विच लावला. पण मॅन्युअलमध्ये फक्त टाकीचा फ्लोट बायपास होतो, हौदाचा नाही. भाऊंशी यावर बराच वाद झाला, ते म्हणे मॅन्युअल म्हणजे सगळंच मॅन्युअल. माझं म्हणणं होतं की माणूस मॅन्युअलवर टाकतो तेव्हाच तर विसरतो. शेवटचं पाणी लागलंच तर आता आई दोरीला बांधलेली बादली टाकते, कुरकुर करत.

चालू करायच्या आधी तपासलं ते असं. मोटरचा एमसीबी पाडून ठेवला, फक्त पेटी चालू. वर पोराला उभं केलं, तो भोपळा उचलणार, मी खाली कॉन्टॅक्टर ऐकणार. उचलला, खट् सुटला. सोडला, खट् लागला. मग हौदाचा भोपळा पाण्याबाहेर लटकवला, सुटला. मग एक तार मुद्दाम काढून पाहिली, तरीही सुटला, आणि हेच पाहिजे होतं, कारण सिरीजमध्ये तार कुठेही तुटली तर मोटर बंदच राहते. हे महत्त्वाचं का, तर आमच्या गावात वानरं. टाकीचं झाकण उचलून पाणी पितात ते ठीक, पण स्लॅबवरची उघडी वायर दिसली की ओढून पाहिल्याशिवाय राहत नाहीत. एकदा ओढलीच, मोटर चालू होईना म्हणून वर गेलो तर फ्लोट टाकीबाहेर उन्हात पडलेला. आता वायर अर्धा इंची पाइपमधून नेली आहे, झाकणाला तारेने बांधलं आहे, आणि जोड टाकीत कुठेच नाही, खाली पेटीतच आहे. पाइपने उन्हाचंही भागलं, मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर गेला की साधी पीव्हीसी वायर दोन वर्षात तडकते.

एक गोष्ट राहिली होती ती लाईनचीच. संध्याकाळी व्होल्टेज एकशेसाठपर्यंत पडते, तेव्हा कॉन्टॅक्टर धड लागत नाही धड सुटत नाही, टर्र टर्र करतो आणि टिकल्या जळतात. आणि लाईन आली की पहिले मिनिटभर ती दोनतीनदा जाते-येते. म्हणून पेटीत एक कमी व्होल्टेज कट आणि दोन मिनिटांचा डिले असलेली डबी टाकली. लाईन स्थिर झाली की मगच मोटर.

हे पाहून काकांनी त्यांच्या बोअरला पण लावायचं ठरवलं, पण सबमर्सिबलला फ्लोट चालत नाही, साडेसहा इंची बोअरमध्ये पंप, पाइप, केबल, दोरी, भोपळा फिरणार कुठे. तिथे करंटवाला ड्रायरन लावला. तो 2.6 आणि 3.8 वाला फरक तो स्वतः पाहतो, करंट ठरवलेल्याच्या खाली काही सेकंद राहिला की मोटर बंद, आणि मग बोअर पाझरायला ठरलेला वेळ सोडून पुन्हा चालू. काकांची बोअर एप्रिलनंतर वीस मिनिटात तुटते, म्हणून पुन्हा सुरू व्हायचा वेळ आधी तीस मिनिटं ठेवला तर दर वेळी पाच मिनिटं चालून बंद पडायची, आता दीड तास ठेवला आहे. सेट करताना पाणी पूर्ण धारेने पडत असतानाच बटन दाबायचं असते, आणि त्या वेळचं व्होल्टेजही पाहायचं. काकांकडे दुपारी 225 वर सेट केलं, संध्याकाळी 175 वर करंट पालटला आणि बोअरमध्ये पाणी असून डबी ड्रायरन दाखवत मोटर पाडायची. मग खालची मर्यादा थोडी अजून खाली घेतली. फार खाली घेतली तर कोरडी चालताना पण सोडणार नाही, म्हणून बोअर खरंच तुटली त्या वेळी मीटर लावून तो आकडा पाहिला आणि दोन्हीच्या मधोमध ठेवलं.

खर्चाचं विचारतात म्हणून, दोन फ्लोट, कॉन्टॅक्टर, ट्रान्सफॉर्मर, रिले, आरसीसीबी, पेटी, वायर आणि मजुरी धरून आमचं नवीन मोटरच्या किमतीच्या आसपासच गेलं, कॉक वेगळा. थर फ्लोटवरही बसतो, फक्त उशिरा, जड झाला की भोपळा तिरपा व्हायला वेळ लावतो आणि टाकी नेहमीपेक्षा दोन बोटं वर भरते. टाकी धुताना भोपळा फडक्याने पुसून एकदा हाताने वरखाली करून घेतो, खट् वाजलं की झाकण लावून तार बांधायची आणि उतरायचं.